पहाटे पाचची हजेरी

दुसरं महायुद्ध संपून तीन-चार वर्षं झाली होती. मी नर्सिंगची परीक्षा पास झाले होते आणि आखातातल्या एका तेल कंपनीच्या दवाखान्यात मला नोकरी लागली होती. कंपनीनं विमानाचं तिकीट पाठवलं, तेव्हा भाईंदरपलीकडच्या आमच्या डोंगरी गावात चर्चच्या पायरीपासून मासळी सुकवायच्या ओट्यापर्यंत दुसरा विषयच उरला नाही. तिकिटाबरोबरच्या पत्रात खाली एक ओळ होती: प्रवाशांनी सांताक्रूझ विमानतळावर पहाटे पाच वाजता हजर राहावं. किंवा साडेतीनला विमान कंपनीच्या फोर्टातल्या कचेरीत यावं, तिथून त्यांची मोटार आहे.

ही ओळ मी वाचून दाखवली आणि घरात हिशेब सुरू झाला.

भाईंदरहून पहिली लोकल पकडली तरी सांताक्रूझला उतरेपर्यंत साडेपाच. त्याआधी डोंगरीहून भाईंदर स्टेशनपर्यंत बैलगाडी. फोर्टाचं तर नावच काढायला नको. म्हणजे हजार मैलांचा प्रवास कंपनी करवणार होती, पण पहिले वीस मैल आमचे आम्हीच बघायचे होते.

माझे वडील होडीवाले. भरती-ओहोटीचा हिशेब त्यांच्या बोटांवर होता, टॅक्सीचा नव्हता. तरीही दुसऱ्या दिवशी ते अंधेरीला जाऊन टॅक्सीवाल्याशी बोलून आले, आणि आल्या आल्या तांब्याभर पाणी प्यायले.

"पंचवीस रुपये सांगतो," ते म्हणाले. "मी म्हटलं, बाबा, मला तुझी गाडी इकत न्हाय घ्यायची."

"एवढे कसे?" आईनं विचारलं.

"रात्री घोडबंदरच्या रस्त्यानं रिकामी गाडी इकडं आणायची, म्हणून दोन्ही बाजूंचं भाडं. वर रात्रीचं जास्तीचं. वर पेट्रोल कूपनावर मिळतं, म्हणून त्याचं वेगळं. आणि येवडं देऊन तो येलच याची खात्री हाय का, तर न्हाय."

वांद्र्याला आईची चुलत बहीण राहत होती. तिच्या एका खोलीत नऊ माणसं. तिथं जाऊन झोपायचं म्हणजे कुणाला तरी उठवून जिन्यात बसवायचं. मग वडिलांनी तोडगा काढला: शेवटच्या गाडीनं सांताक्रूझला जायचं आणि स्टेशनाच्या बाकावर बसायचं. "फुकट हाय. छप्पर बी हाय."

"पोरगी नर्स होऊन परदेशी चाललीय," आई म्हणाली, "आणि तू तिला बाकावर बसवणार? पोलीस येऊन विचारील, काय सांगशील?"

बाकाचा बेत बारगळला. शेवटी माझ्या हॉस्पिटलमधल्या एका सिस्टरनं विलेपार्ल्याचं एक हॉटेल सांगितलं. दोन मजली बंगला, विमानानं जाणारे लोक आदल्या रात्री तिथं उतरायचे. एका खोलीचे सहा रुपये, दोन खाटा, चहा वेगळा. सहा म्हणजे पंचविसाच्या पाव हिश्श्याहून कमी, हे वडिलांना लगेच पटलं. हॉटेल ते विमानतळ जायला पुन्हा गाडी लागेल, याची मी आठवण करून दिली तेव्हा त्यांचा चेहरा पडला. तरी गाडीचे तीन धरून नऊ झाले. "चालंल," ते म्हणाले. "पण दोन खाटा हायत, तर तुझी आई बी येईल. आणि मी जमिनीवर."

संध्याकाळच्या लोकलनं आम्ही तिघं ट्रंक आणि वळकटी घेऊन विलेपार्ल्याला उतरलो. हॉटेलचा मॅनेजर मंगळूरकडचा होता. त्यानं आमच्याकडे, मग खोलीच्या पाटीकडे पाहिलं.

"दो आदमी का कमरा है."

"मी झोपणार न्हाय," वडील म्हणाले. "मी नुसता बसणार."

मॅनेजरला हे नियमात कुठं बसवायचं ते समजेना. शेवटी त्यानं हात झटकला आणि सांगितलं, पहाटे चारला दार वाजवीन, साडेचारला टॅक्सी उभी असेल, दहा मिनिटांचा रस्ता आहे. वडिलांनी मान डोलावली. पण त्यांचा एका शब्दावरही विश्वास बसलेला नव्हता, हे आम्हा दोघींना दिसत होतं.

खोली छान होती. पांढऱ्या चादरी, भिंतीवर आरसा, छताला पंखा. आई चादरीवर हात फिरवत राहिली. रोझरीची प्रार्थना म्हटली आणि आम्ही दोघी दहाला आडव्या झालो. वडील दाराला टेकून बसले.

मला खांद्याला हलवून त्यांनी उठवलं तेव्हा मी बिछान्यात घड्याळ चाचपलं. दोन वाजले होते.

"बाबा, दोन तास आहेत अजून."

"टायर फुटला तर?"

"फुटला तरी चालत अर्ध्या तासात पोचू."

"ट्रंक घेऊन? आणि डायवर झोपला तर? आणि रस्त्यात गेट बंद असलं तर?" त्यांनी ट्रंक आधीच दाराशी नेऊन ठेवली होती. "होडी कुणासाठी थांबत न्हाय, पोरी. इमान तर न्हायच."

आई उठून केस बांधू लागली. "सहा रुपयांत चार तास झोप," ती पुटपुटली. "तासाला दीड रुपया. इतकं महाग मी कधी झोपले न्हाय."

टॅक्सी पोर्चमध्येच उभी होती आणि ड्रायव्हर आत पाय दुमडून झोपला होता. त्याला उठवणं मला उठवण्यापेक्षा कठीण गेलं. रस्ता खरोखर दहा मिनिटांचा निघाला, टायरही शाबूत राहिला, आणि तीन वाजता आम्ही विमानतळाच्या बंद दारासमोर उभे होतो. पहारेकऱ्यानं कंदील उंचावून आमची ट्रंक पाहिली आणि विचारलं, "काल का विमान था क्या?"

साडेचारला दार उघडलं. वजन झालं, कागद तपासले गेले. मग काउंटरवरच्या माणसानं अगदी शांतपणे सांगितलं, की येणारं विमान कोलंबोहून उशिरा निघालंय, त्यामुळे आमचं साडेनऊच्या आधी सुटणार नाही.

वडील बाकावर बसले आणि चप्पल काढून पाय वर घेतले.

सातच्या सुमाराला एक गृहस्थ आले. दाढी केलेली, इस्त्रीचा कोट, हातात छोटी बॅग. वसईहून आले होते, माझ्याच विमानानं बहारीनला जाणार होते. वडिलांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या हॉटेलात उतरला होता?"

"हॉटेल? छे. दुसऱ्या लोकलनं आलो. काल रात्री स्टेशनवरून फोर्टातल्या कचेरीला टेलिफोन केला होता, तेव्हाच कळलं उशीर आहे. हजेरीची वेळ आठ केली त्यांनी."

टेलिफोन! आमच्या डोंगरीत तो कुणाकडेच नव्हता, हे खरं. पण हॉटेलच्या ओसरीवर होता, आणि आम्ही त्याच्याशेजारूनच रात्री अडीचला ट्रंक घेऊन बाहेर पडलो होतो.

आई पदर तोंडाला लावून हसत होती. वडिलांनी तिच्याकडे रागानं पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग तेही हसले. "ठीक हाय," ते म्हणाले. "तेवढंच पोरीजवळ जास्ती बसायला मिळालं. नऊ रुपयांत सहा तास."

हे ऐकल्यावर मात्र आईचं हसणं थांबलं. मग आम्ही तिघांनी चहा घेतला. चहाचे पैसे वडिलांनी विचारलेसुद्धा नाहीत, नुसते देऊन टाकले.

निघताना त्यांनी माझ्या कपाळावर क्रूस काढला. विमान वर गेल्यावर खाली समुद्र दिसेल, आपल्या होड्या शोध, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी खिडकीपाशी बसले, पट्टा लावला आणि आमच्या शेजारच्या उत्तनचा किनारा बघायला मान वळवली. विमान हललेलं मला आठवतं. त्यानंतर एका बाईनं मला हलवून उठवलं, तेव्हा आम्ही कराचीला उतरलो होतो.