विशेषणं काढून पाठवलेला मेल

पत्रकं लिहून माझा हात बिघडला होता. मावसभाऊ सॉफ्टवेअर बनवायचा आणि त्याची जाहिरात मी मोर्चाच्या पत्रकासारखी लिहायचे: क्रांतिकारी, विश्वासार्ह, बळीराजाच्या हक्काचं. एकाही कंपनीनं उत्तर दिलं नाही.

डोणगावात आमचा मामा सोयाबीन खरेदी करतो. पावत्या पुण्याच्या एका कंपनीच्या ॲपवर. एकेक पावती दोनदा नोंदली जायची आणि लोक मामालाच लबाड म्हणायचे. भावानं मामाच्या फोनवर मुद्दाम नेट तोडून पाहिलं आणि कारण शोधलं. पावती सर्व्हरवर पोचते, पण पोच यायच्या आत नेट जातं. ॲप ती परत पाठवतं, सर्व्हर नवीन समजून पुन्हा लिहून घेतो. फोननंच प्रत्येक पावतीला वेगळा क्रमांक दिला, तर तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यावर सर्व्हर ओळखतो. तेवढं काम करणारं सॉफ्टवेअर भावानं लिहिलं होतं.

कंपनीच्या तांत्रिक प्रमुखाला मेल करायचं ठरलं. ओळख ना पाळख. मी लिहिलं, 'तुमच्या अक्षम्य बेफिकिरीमुळे...'

"त्याले शिव्या देऊन राह्यली का माल विकून राह्यली?" भाऊ म्हणाला. "फोन कोणता, ॲपची आवृत्ती कोणती, नेट कव्हा तोडलं, थे लिव. बाकी काट."

काटलं. उरल्या दहा-बारा ओळी. त्यात हेही होतं, की ही चाचणी आम्ही मामाच्या चालू खात्यावर, त्याला विचारून केली आणि दोन दुबार पावत्या आमच्यामुळे पडल्या. त्यांचे नंबर हे.

"हे लिवाचं?" मी विचारलं.

"नंबर देल्याबिगर तो तपासन कसा?"

पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाचं खातं बंद. भर हंगामात, दारात ट्रॅक्टर उभे.

"काऊन वं, काय लिवलं तू त्याईले?" मामा फोनवर ओरडला नाही, त्यानं जास्त भीती वाटली. मोर्चात लाठी दिसली तरी मी मागे सरत नाही, पण तेव्हा पाठवलेला मेल पुन्हा पुन्हा वाचत बसले. कंपनीवाले पोलिसात गेले तर? मामाला कायमचं काढलं तर?

दुपारी प्रमुखाचं उत्तर आलं. 'तपासणीसाठी खातं थांबवलं आहे. दोन्ही नोंदी सापडल्या. पावती पाठवायची बाकी असताना कोणी ॲप काढून पुन्हा टाकलं, तर तुमचा क्रमांक टिकतो का?'

टिकत नव्हता. 'आम्ही सर्वांगीण उपायावर कार्यरत...' एवढं लिहून मी भावाकडे पाहिलं. त्याचाही चेहरा उतरला होता.

"नाही म्हण," तो म्हणाला.

मी लिहिलं, 'नाही. ती पावतीही फोनमधून पुसली जाते.' बटण दाबताना वाटलं, मामाचं खातंही गेलं आणि भावाचं कामही.

चार वाजता खातं उघडलं. मेल आला: 'चाचणीसाठी वेगळा सर्व्हर देतो, सोमवारी बोलू. चालू खात्याला पुन्हा हात लावू नका.'

मामाला कळवलं.

"दोन ट्रॅक्टर शेजारच्या व्यापाऱ्याकडं गेले," तो म्हणाला. "सोमवारी काय बोलाचं थे बोला. माह्या फोनले हात लावू नका."