हुतुतूच्या आधीचं चौथं वाक्य

मी धारूरच्या बाजूला एका शाळेत ड्रिल मास्तर होतो. कवायत घ्यायची, पोरांच्या रांगा सरळ करायच्या आणि वर्षातून एकदा चौदाच्या आतल्या पोरांचा हुतुतूचा संघ बीडच्या सामन्यांना न्यायचा, एवढंच माझं काम. चौदाच्या आत कोण, हे हजेरीच्या दफ्तरावरून ठरे. दफ्तरात जन्मतारीख मुदर्रिस साहेब, म्हणजे वर्गाचे मास्तर, अंदाजानं लिहीत, त्यामुळे आमच्या निम्म्या पोरांचा जन्म एकाच दिवशी झालेला होता. समोरच्या संघात मात्र मिसरूड फुटलेले चौदाच्या आतले निघत. मी त्यावर भांडायचो आणि हरायचो.

पहिल्या वर्षी सामन्याआधी मी पोरांपुढे तासभर बोललो. गावाची इज्जत, शाळेचं नाव, आईबापाचे कष्ट, काही म्हणून सोडलं नाही. चोवीस वर्षांचं वय होतं आणि स्वतःचा आवाज मला फार आवडायचा. पोरं पांढरीफटक पडली. त्यातला एक मेंढक्याचा पोरगा, आमचा सगळ्यात चपळ गडी, कुणी नुसता पायाला हात लावला की दम सोडून द्यायचा. हुतुतू म्हणणं थांबलं की गडी बाद. तो तीनदा तसाच बाद झाला आणि आम्ही हरलो.

घरी आल्यावर मी पुष्कळ विचार केला. भेदरलेल्या पोरांच्या कानात मोजकंच शिरतं, हे कळायला मला एक वर्ष घालवावं लागलं. दुसऱ्या वर्षी ठरवलं, तीनच वाक्यं बोलायची आणि तीही बसून, त्यांच्या उंचीला येऊन, हलक्या आवाजात. नवी गोष्ट एकही सांगायची नाही. वर्षभर सरावात घोटलेलं तेवढंच आठवून द्यायचं.

आम्ही बैलगाडीनं दोन मुक्काम करत गेलो. शेवटच्या सकाळी पालीला नदीवर पोरांनी तोंडं धुतली, पण भाकऱ्या तशाच फडक्यात बांधून ठेवल्या. बीडच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारून झाल्या होत्या. कडेच्या लिंबाखाली मी नऊ जणांना गोल बसवलं. दोघं सारखे लघवीला जात होते. एकाला उगाच हसू येत होतं. मेंढक्याच्या पोराचे गुडघे थडथडत होते.

"चढाईला आलेल्याच्या तोंडाकडं बघायचं न्हाई, पायाकडं बघायचं," मी म्हणालो. "एकट्यानं कुणी झडप घालायची न्हाई, कोपऱ्यातल्यानं पाय धरला की मग सगळ्यांनी. आन् आपण चढाईला गेलो, तर निम्मा दम उरला की माघारी फिरायचं."

झालं होतं. एवढ्यावर उठायला हवं होतं. पोरांचे श्वास थोडे संथ झाले होते, हसणारा हसायचा थांबला होता. पण माझी नजर त्या थडथडणाऱ्या गुडघ्यांवर गेली आणि गेल्या सालाचा राग वर आला. मी उभा राहिलो, त्याच्याकडे बोट केलं आणि मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आन् तू. धरलं तर दम सोडायचा न्हाई. काय वाट्टंल ते होऊ दे."

तो म्हणाला, "जी, गुर्जी."

शेवटच्या चढाईपर्यंत दोन्ही संघ बरोबरीत होते. चढाई त्याची होती. तो आत शिरला, एकाला शिवला आणि वळला, तेवढ्यात त्या शिवलेल्यासकट चौघांनी त्याला पाडलं. त्याचा डावा हात खाली मुडपला आणि वर एक दांडगा पोरगा पडला. मला काहीतरी कट्‌ झाल्याचं ऐकू आलं. त्यालाही आलं असणार. तरी त्या ढिगाखालून हुतुतू, हुतुतू चालूच होतं. उजव्या हाताची बोटं सरकत सरकत मधल्या रेघेला लागली, पंचांनी शिटी वाजवली, चौघं बाद झाले आणि आम्ही जिंकलो. लोक त्याला उचलायला धावले तेव्हाही तो हुतुतू म्हणतच होता. शिटी त्याला ऐकूच आली नव्हती.

मी काय केलं? आधी जिंकल्याबद्दल मिळालेली ढाल हातात घेतली. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

कोपर मोडलं होतं. हाडवैदानं कामट्या लावून बांधलं, पण हात वाकडाच बसला. पुढं तो शाळेत आला नाही. मेंढरं कातरताना जनावर दाबून धरायला दोन्ही हात धड लागतात, त्याचा एक नव्हता. भाऊ कातरत, तो लोकर गोळा करायचा. बाजारात तो दिसला की मी दुसऱ्या गल्लीनं जायचो. मास्तर असून मी इतका भित्रा होतो.

त्यानंतर मी चौथं वाक्य बोललो नाही. तीन सांगायचो आणि उठायचो.

अठरा-एकोणीस वर्षांनी त्याचाच पोरगा माझ्या संघात आला. तेच चपळ पाय आणि सामन्याआधी थडथडणारे तेच गुडघे. बाप मेंढरं भावाच्या हवाली करून आमच्याबरोबर बीडला आला होता, खांद्यावर घोंगडी टाकून पोरांच्या गोलामागं उभा होता. मी बसून तीन वाक्यं सांगितली आणि उठू लागलो.

"गुर्जी, एक ऱ्हायलं की," तो म्हणाला.

"काय?"

"मला सांगितल्यालं. दम सोडायचा न्हाई." सगळी पोरं त्याच्याकडे बघायला लागली, तसा तो ताठ झाला. "त्या साली ढाल आणली ती माज्या दमावर. ह्यालाबी सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं म्हंजे लई बळ येतंय."

मला वाटत होतं, हा माणूस मनात मला शिव्या देत असेल. त्या मी सोसल्या असत्या. त्यानं ते वाक्य जपून ठेवलं होतं, हे मात्र मला सोसेना. मी त्याच्या पोराजवळ पुन्हा खाली बसलो.

"धरल्यावर हातपाय मुडपला, दुखलं, तर लगेच दम सोड," मी म्हणालो. "बाद झालास तरी चालतंय. मी काय बोलणार न्हाई."

पोरानं बापाकडे पाहिलं. मग उठून मैदानात गेला.

दुसऱ्याच चढाईत पोरगा सापडला. हात अंगाखाली गेला तसा त्यानं दम सोडला. धरणारे उठले, तोही उठला, गुडघे झाडले आणि रेघेबाहेर येऊन बसला. आम्ही सामना हरलो. तो बापाजवळ पाणी प्यायला आला तेव्हा बापानं त्याचा डावा हात धरला, कोपरातून एकदा वाकवला, एकदा सरळ केला. बराच वेळ तो हात त्यानं सोडला नाही.

मग माझ्याकडे वळला. आवाजात राग नव्हता. वर्गात न समजलेलं पोरगं विचारतं तसं त्यानं विचारलं, "मंग गुर्जी, मला का म्हून न्हाई सांगितलं आसं?"