पितृपक्षातला होकार

बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसची मेल आली तेव्हा पितृपक्ष लागला होता. पुढच्या महिन्यापासून रोज साठ डबे द्याल का, बुधवारपर्यंत कळवा, असं तिथल्या जेवणाचं बघणाऱ्या बाईनं लिहिलं होतं. जुनं गिऱ्हाईक सुटल्यापासून आमच्या डब्यांच्या धंद्यात पोळ्या लाटणाऱ्या तिघी अर्धा दिवस बसून असत. हे काम गेलं तर दोघींना घरी पाठवावं लागणार होतं.

मी सुनेला म्हटलं, "पितृपक्षात होकार देत नसतात. अमावास्या होऊ दे."

तिनं त्या मेलला काहीच कळवलं नाही. घटस्थापनेला मेल उघडली, तर बुधवार जाऊन आठ दिवस झाले होते.

"अगं, होकार थांबव म्हटलं होतं, तोंड कुठं बंद ठेव म्हटलं होतं?"

"अत्ते," सासूला ती कानडीत असंच म्हणते, "होकार नाही तर काय कळवायचं होतं?"

"मेल मिळाली, अमुक दिवशी सांगते, एवढं."

हे मलाही बोलता बोलताच सुचलं. तोवर मीही तिला काही कळवायला सांगितलं नव्हतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. सून लिहायची, मी सांगायची. मी पितृपक्षापासून सुरुवात केली. मग सासऱ्यांचं श्राद्ध, नातवाचा ताप, दोन दिवस नसलेलं नेट. माझे वडील उशिरा पत्र लिहीत तेव्हा कार्डाच्या कडेनंही कारणं भरत. कारण न सांगणारा माणूस माजलेला, असं मला वाटे.

"ती बाई कामाला बसलीय, कीर्तनाला नाही," सून म्हणाली आणि सगळं पुसून लिहिलं: उशिराबद्दल क्षमस्व. डबे देऊ.

"हे तर उपकार केल्यासारखं झालं!"

"मग स्वल्प, थोडंसं, तुम्हीच सांगा."

शेवटी त्या बाईच्याच मेलखाली हे गेलं: "उत्तराला आठ दिवस उशीर झाला, माफ करा. बुधवारच्या आत कळवायला हवं होतं, ती चूक आमची. साठ डबे एक तारखेपासून देऊ. मेन्यू जोडला आहे. दुसरीकडे सोय केली असेल तर तसं कळवा, आम्ही समजून घेऊ."

नातवाचा ताप खरा होता, तो कुठंच आला नाही. मला ते खोटं बोलल्यासारखं वाटलं. सून म्हणाली, ताप होता म्हणून त्यांना वेळेवर उत्तर मिळालं का?

दुपारी उत्तर आलं. सोमवार ते बुधवार दुसऱ्याला दिलेत, गुरुवार-शुक्रवार तुम्ही घ्या. पुढच्या गुरुवारी दहा डबे चाखायला पाठवा, साडेबारापर्यंत.

मी सुनेकडून दोनदा वाचून घेतलं. उशिराबद्दल एक अक्षर नव्हतं. माफ केलं म्हणून गप्प, की तीन दिवस कापले हेच तिचं बोलणं?

"विचारू का तिला?" मी म्हटलं.

"नको हो अत्ते! सरी, बरं, म्हणा आणि सोडा."

होकार सुनेनं लगेच पाठवला. मी तिघींना पुढच्या गुरुवारी लवकर यायला सांगितलं. बाकीच्या दिवसांना काम आहे का, हे विचारायला त्या थांबल्या होत्या, त्यांना काय सांगावं ते मला कळेना.