मिशी नसलेला योद्धा

यांची बँकेतून बदली झाली म्हणून नव्वदच्या दशकात आम्ही लखनौला, महानगर नावाच्या वस्तीत राहायला आलो. लेक तेव्हा नऊ वर्षांची. आम्ही मराठीत बोलायचो, ती अर्धं हिंदीत उत्तर द्यायची.

मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात फॅन्सी ड्रेस होता. हल्लीची मुलं ज्याला कॉस्प्ले म्हणतात, तसंच काहीसं. तिला टीव्हीवरच्या मालिकेतला डावखुरा योद्धा व्हायचं होतं.

"केस पगडीत खोचू, मिशी काढू," मी म्हटलं.

"नहीं आई, मिशी नको. वो लड़की होता तो कैसा दिखता, वैसी बनूँगी."

आली पंचाईत! मालिकेत एक राजकन्याही होती आणि दोघांचे कपडे निळेच. मिशी नसली तर सगळे हिला राजकन्याच समजणार. मग मी मशीनवर बसून विचार केला, काय बदलायचं आणि काय मुळीच नाही. त्याचा अंगरखा गुडघ्यापर्यंत होता, मी कळ्या जोडून तो घोट्यापर्यंत घेरदार केला. पण छातीवरचा तिरका पदर आणि काखेतली गाठ तशीच ठेवली. रुंद पट्टा तसाच. तो ढाल वापरत नसे, म्हणून त्याच्या उजव्या खांद्यावर चिलखताचा एकच तुकडा असे. तो मी पुठ्ठ्यावर रेक्झिन चिकटवून बनवला. म्यान कमरेच्या उजव्या बाजूला, तलवार डाव्या हाताने उपसता यावी म्हणून. केसांची मात्र लांब वेणी घातली.

स्पर्धेच्या दिवशी ती स्टेजवर गेली. परीक्षक एक निवृत्त नाट्यशिक्षिका होत्या. माइकवर म्हणाल्या, "अरे वाह, राजकुमारी आई हैं!"

लेकीचा ओठ थरथरला. मी उठणार, तेवढ्यात बाईंनीच चष्मा खाली सरकवला आणि तिच्याजवळ गेल्या. योद्धाच बनून आलेला एक मुलगा मागे उभा होता. त्यालाही पुढे बोलावून त्यांनी दोघांना शेजारी उभं केलं.

"राजकुमारी की तो चोली अलग, घाघरा अलग होता है. सिर पर ओढ़नी, हाथ में दीया. यहाँ ओढ़नी नहीं, दीया नहीं, कपड़ा ऊपर से नीचे तक एक." मग त्यांनी तिरक्या पदरावरून बोट फिरवलं, मुलाच्या अंगावर तोच पदर पाहिला. दोघांचे उजवे खांदे पाहिले. "बेटा, तलवार निकालो."

लेक एरवी उजव्या हाताची. तिने डाव्या हाताने सर्रकन तलवार उपसली.

बाई हसल्या. तिच्या गालाला हात लावून हळूच म्हणाल्या, "माफ़ करना." मग माइकवर मोठ्याने, "ये वही योद्धा हैं, लड़की बनकर आए हैं!"

टाळ्या पडल्या. माझे डोळे भरून आले. यांनी माझा हात धरला.

बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. खाली उतरल्यावर तो मुलगा तिला म्हणाला, "यार, तुम्हारा वाला घूमता भी है!"

"देखो," म्हणत तिने गिरकी घेतली.