एकट्याचं बळ

लढाईच्या दिवसांत मी पलटणीतून महिन्याच्या रजेवर आलो आणि आठवड्यात माझं लग्न लागलं. मी सव्वीस वर्षांचा, ती एकविसाची. वडील गेल्यामुळं तिचं लग्न लांबलं होतं. माहेर रहिमतपूरचं.

पहिल्या वेळी जमलं नाही. रेल्वेचा शीण होता, लग्नाची दगदग होती, एवढंच. पण दुसऱ्या वेळी तिच्याजवळ जाताना डोक्यात एकच किडा वळवळत होता: आज तरी जमेल ना? तो वळवळला की आलेला ताठरपणा पार ओसरायचा. मग ती पदर सारखा करायची आणि मी भिंतीकडं तोंड करायचो.

एकटा असलो की मात्र काही तक्रार नव्हती. पहाटे जाग यायची तीच ताठ होऊन. मळ्यातल्या खोपीत एकटा असताना तर मी भलताच मर्द असायचो. यावरून शहाण्याला काही कळलं असतं. मला उलटंच कळलं. एकट्यानं वाया घालवतो म्हणून बायकोसाठी काही उरत नाही, असं मी धरून चाललो. आमच्याकडं सगळेच तसं धरून चालत.

सांगलीला एका वैद्याकडं गेलो. त्यानं नाडी धरली आणि डोळे मिटून सांगितलं, "धातू गेला. पुन्हा हात लावलास तर कायमचा षंढ होशील." एक काळं कडू चाटण दिलं. एकटा असताना होतं का, एवढं साधं त्यानं विचारलं नाही. चाटणानं करपट ढेकरा आल्या आणि भीती तेवढी दुप्पट झाली.

दुसऱ्या रजेतही तेच झालं. एका सकाळी आई तांब्यात म्हशीची धार काढत होती, बायको शेजारी शेण भरत होती. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "भाकड जनावर दाव्याला किती दिस बांधून ठेवायचं रं?"

बायकोनं मान वर केली नाही. मी चहाची बशी तोंडाला लावून बसलो. 'आई, दोष तिचा नाही,' एवढं बोलायचं होतं. बंदुकीला न भिणारा मी आईच्या तांब्याला भ्यालो. मी पलटणीत परतल्यावर महिन्याच्या आत तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला.

तिसऱ्या रजेत आई दुसरी मुलगी बघायला लागली, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. मी कराड गाठलं. तिथं एक म्हातारे डॉक्टर होते, फौजेत नोकरी केलेले. त्यांनी आधी मला नीट तपासलं, मग विचारलं, "पहाटे होतं?"

"व्हय."

"एकटा असताना?"

मी खाली बघून मान हलवली.

"मग रक्त, शिरा शाबूत दिसतात. धातूबितू काही गेलेला नाही. बायकोजवळ गेलास की तू स्वतःचीच परेड घेतोस. बघणारा तूच, भिणारा तूच. अशानं कुणाचंही जमायचं नाही. महिनाभर काही करायचंच नाही, असं दोघांनी ठरवा. नुसतं जवळ पडायचं, बोलायचं. आणि हे सगळं तिला सांग. तिला सांगितल्याशिवाय भीती जायची नाही."

एवढं सोपं होतं ते. मला हसावं की रडावं कळेना. त्याच पावली रहिमतपूरला गेलो.

ती ओसरीवर तूर निवडत होती. मी जन्मात बोललो नव्हतो तेवढं बोललो. डॉक्टर, पहाट, खोप, सगळं सांगितलं. ती सुपात बघत ऐकत राहिली.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "रोज पाटं तुमच्या आदी उठत हुते मी. दिसायचं की."

"मग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं, मीच तुमास्नी नकोशी हाय. आन बोलले आसते, तर गावात तुमची शोभा झाली आसती. म्हनून भाकड म्हनून घेतलं. तुमी तितंच बसला हुता न्हवं, चा पीत?"

मी म्हणालो, "आता चल घरी. आईला मी सांगतो."

तिनं सूप उचललं आणि आत जाता जाता म्हणाली, "एकटं आसताना बरं आसता न्हवं तुमी? मग एकटंच ऱ्हावा."