आमचंच वाक्य परत आलं

रत्नागिरीच्या एसटी स्टँडसमोर, एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर, चार कॉम्प्युटरचा एक सायबर कॅफे होता. मी तिथे कामाला होते. मालकांना कल्पना फार सुचायच्या, त्यातली एक चालली. त्यांनी वेबसाइटवर निरोपांची खिडकी उघडली. आखातात किंवा बोटीवर असलेल्या माणसाने तिथे मराठीत निरोप लिहायचा, आम्ही तो छापून एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायचा आणि कंडक्टरने गावच्या दुकानात टाकायचा. त्या सुमारास आमच्याकडच्या फोन नंबरांना पुढे एक आकडा नवीन लागला होता, बाहेरगावच्या कित्येकांना तो माहीत नव्हता. जुना नंबर फिरवून फिरवून माणसं कंटाळायची. त्यामुळे आमची खिडकी बरी चालायची.

खिडकी उघडली की समोरच्याला आपोआप एक वाक्य दिसायचं: ‘नमस्कार. या, हे आपलंच घर. कोणाला काय कळवायचं ते निवांत लिहा.’ हे वाक्य मालकांनी स्वतः रचलं होतं आणि त्यांना त्याचा भारी अभिमान होता. आल्यागेल्याला वाचून दाखवायचे.

एका शुक्रवारी दुपारी समोरून निरोप आला, ‘नमस्कार. या, हे आपलंच घर. कोणाला काय कळवायचं ते निवांत लिहा.’

जसंच्या तसं, पूर्णविरामासकट. खाली नाव नाही, गाव नाही.

मालक म्हणाले, “यंत्र बिघडलंय. आपलं बोलणं आपल्यालाच ऐकवतंय.” मी शेजारच्या कॉम्प्युटरवरून खिडकी उघडून पाहिली. सगळं ठीक चाललं होतं. मग ते म्हणाले, “कोणीतरी टवाळ असेल. तेच वाक्य परत पाठव, दमेल आपोआप.” तशी सोयही होती. निरोप कळला नाही तर एक बटण दाबायचं, स्वागताचं वाक्य पुन्हा जायचं. मी दाबलं. थोड्या वेळाने तेच वाक्य परत आलं. मी पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. दोघं यजमान उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना या बसा म्हणतायत आणि आत कोणीच येत नाही, असं चाललं होतं. तिसऱ्या खेपेला समोरची खिडकी बंद झाली.

मालक हसले. मला मात्र हसू येईना. आखातात शुक्रवारी सुट्टी असते, हे आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि माझा दादा आखातात होता.

होता म्हणजे, गेला होता तिकडे. वडिलांशी कडाक्याचं भांडून गेला. सुरुवातीला दोन पत्रं आली, मग काहीच नाही. वडील त्याचं नाव काढत नसत. आई रोज संध्याकाळी मी चपला काढायच्या आत विचारायची, “आला काय गो काय?” काय आला ते ती कधी बोलायची नाही. दादा दहावीला नापास, इंग्रजीशी त्याचं उभं वैर. आमच्यासाठी ज्यांच्याकडे फोन यायचा त्या शेजाऱ्यांचा नंबरही बदललेला, तो त्याला कोण कळवणार? टवाळखोर तर तो पहिल्यापासूनच. आपलंच वाक्य आपल्याला परत पाठवून मजा बघणं त्याला अगदी शोभलं असतं. पुढचा आठवडाभर मी मनात हेच घोळवत बसले. एवढं मोठं आखात, पण माझ्या मनात तिथे एकच माणूस राहत होता.

पुढच्या शुक्रवारी मी जेवणाचा डबाही खुर्चीवरच उघडला. दुपारी खिडकी उघडली आणि तेच वाक्य परत आलं. मालक खाली चहाला गेले होते. मी बटण दाबलं नाही. मी लिहिलं, ‘दादा, तूच का?’

उत्तर यायला वेळ लागला. मग पडद्यावर अक्षरं उमटली.

‘दादा, तूच का?’

एक क्षण मला एवढा आनंद झाला की मी उठून उभी राहिले. दुसऱ्या क्षणी कळलं की हेसुद्धा माझंच वाक्य आहे. दादा मला दादा कशाला म्हणेल? मी खाली बसले आणि मला रडू आलं, राग आला, स्वतःचाच. समोरचं माणूस मी देईन ते परत देत होतं. मी ‘हो, मीच’ असं लिहून पाठवलं असतं, तर तेही परत आलं असतं आणि मी ते घरी आईकडे नेलं असतं.

राग उतरल्यावर डोकं चालू लागलं. समोरचा वाक्य वाचत होता, पाठवत होता, पण स्वतःचा एक शब्द लिहीत नव्हता. का? मी स्वतः मराठी टाइप करायला कशी शिकले ते आठवलं. आमच्या पानासोबत मराठी अक्षरं आपोआप उतरायची, त्यामुळे वाचायला कोणालाही यायचं. लिहायचं झालं तर पंचाईत. इंग्रजी ‘के’ दाबावा तर ‘क’ येईल याची काही खात्री नाही, भलतीच वेलांटी येऊन बसायची. कुठलं अक्षर कुठल्या बटणात दडलंय याचा तक्ता माझ्या टेबलावर चिकटवलेला होता. समोरच्याकडे तो कुठून असणार? इंग्रजी अक्षरंही त्याला येत नसणार, नाहीतर त्यांतूनच मराठी लिहिलं असतं. त्याला कोणीतरी माउसने वाक्य उचलून खालच्या चौकोनात ठेवायला शिकवलं असेल. मग उचलायला जे समोर होतं तेच त्याने उचललं. त्याच्यापुढे मराठीत आमचं स्वागत सोडून दुसरं काही नव्हतंच.

म्हणजे ती टवाळी नव्हती. मी आलोय, एवढंच तो सांगत होता.

मी डोळे पुसून लिहिलं, ‘तुमचं वाक्य मिळालं. आम्ही इथे आहोत. टाइप होत नसेल तर खालच्यापैकी जी ओळ लागू असेल तेवढीच उचलून पाठवा.’ आणि खाली एकेक ओळ सुटी करून दिली: मला निरोप पाठवायचा आहे. मला घरची खुशाली हवी आहे. मी सहज आलो आहे. यातलं काही नाही.

शेवटची ओळ मुद्दाम घातली. ती नसती तर त्याला माझ्याच तीन वाटांपैकी एकीने जावं लागलं असतं.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं: ‘मला घरची खुशाली हवी आहे.’

चारांतली एकच ओळ आली होती. म्हणजे ती माझी राहिली नव्हती, त्याने निवडली होती. मी त्याला आधी तालुके दिले. त्याने रत्नागिरी उचललं. माझी आशा पुन्हा वर आली, कारण आमचा तालुकाही तोच. मग गावं द्यायची होती. आमचं गाव पहिलं लिहावं असं फार वाटलं. पहिलं दिसेल ते माणूस पटकन उचलतं, हे मला माहीत होतं. म्हणूनच नाही लिहिलं. किनाऱ्याने वरून खाली जशी गावं येतात तशी लिहीत गेले, आमचं आपल्या जागी मध्येच कुठेतरी, आणि शेवटी ‘यातलं काही नाही’.

‘पूर्णगड’ असं उत्तर आलं.

मी तो शब्द पुनःपुन्हा वाचला. आमचं गाव वरच्या अंगाला राहिलं होतं. तो दादा नव्हता. सरळ सांगायचं तर त्या वेळी मला तो माणूस कोण, कसा, याच्याशी काहीही देणंघेणं नव्हतं. खिडकी बंद करून घरी जावंसं वाटलं. पण तो तिकडे बसला होता, त्या माउसला धरून, पुढची ओळ येईल म्हणून. मग मी वाड्या दिल्या, आडनावं दिली, घर किल्ल्याखाली की बंदरावर ते विचारलं. संध्याकाळपर्यंत घर सापडलं. तिथे त्याची आई एकटी राहत होती. दुसऱ्या दिवशी कंडक्टरजवळ चिठ्ठी गेली: तुमचा मुलगा खुशाल आहे, तुमची खुशाली विचारतो आहे, शुक्रवारी दुपारी इथे या.

ती आली, बांगड्याचं सुकं, म्हणजे खारवलेली मासळी, पुडीत बांधून घेऊन. ते आता पडद्यातून पाठवायचं कसं, हा प्रश्न मालकांना पडला. मी तिला खुर्ची दिली आणि म्हटलं, “काय विचारायचं ते मला सांगा, मी लिहिते.”

ती पडद्याकडे बघत राहिली. एवढ्या महिन्यांचं काय काय साठलेलं असेल. शेवटी म्हणाली, “जेवान झाला काय, विचार त्येला.”

मी लिहिलं, ‘जेवण झालं काय?’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’ सुटं करून द्यायच्या आधीच समोरून आलं:

‘जेवण झालं काय?’

मी वाचून दाखवलं. म्हातारीचा चेहरा उजळला. “माका विचारतोय,” ती म्हणाली, “जेवलंय म्हणून सांग बाय. आमटीभात. मासळी नाय व्हती म्हणून सांग.”

मी ते सगळं लिहिलं. त्याने फक्त वाक्य परत केलं असेल, असं तिला सांगायचं माझ्या जिवावर आलं. आणि खरं तर मलाही आता तशी खात्री राहिली नव्हती. पुढे मी त्याला हवे ते शब्द सुटे करून देत गेले आणि तो ते एकेक करून जोडत गेला. ती जाताना पडद्याला हात लावून गेली. पुडी घरी न्यायला मला दिली.

त्या संध्याकाळी मी घरी आले, चपला काढत होते आणि आईने विचारलं, “आला काय गो काय?”

एवढे दिवस मी तिला या खिडकीतल्या माणसाबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. त्या दिवशी सगळं सांगितलं. मला तो दादाच वाटला होता, तेही सांगितलं. वडील ओटीवर बसून ऐकत होते, उठून गेले नाहीत. आईने पुडी उघडली, सुकं पाण्यात भिजत घातलं.

मग म्हणाली, “त्याच्या आयशीला कळला ना? बरा झाला.” आणि हात पदराला पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली, “आपला पण खयतरी असाच येऊन बसला असंल. त्येला कोणीतरी धड विचारूंदे.”