दादाचा तोंडपाठ वेग

माझ्या थोरल्या भावाइतका झपाट्याने टाइप करणारा माणूस चिंचवडमध्ये नव्हता, निदान टायपिंग क्लासच्या चार भिंतींत तरी. सराव परीक्षेत तो कायम पहिला. पुण्याला सरकारी परीक्षेला गेला की नापास. असं दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा दोष दुसऱ्याचाच होता. एकदा खुर्ची बुटकी होती, एकदा यंत्र कडक होतं.

"पुण्यातली सगळी यंत्रं तुमच्याच वाइटावर दिसतात," वहिनी भाकरी थापता थापता म्हणायची.

पण हसणं वरवरचं होतं. दादा पिंपरीजवळच्या नव्या कारखान्यात हंगामी कारकून होता. या खेपेला पास झाला नाही, तर गोदामात हमाली करायची किंवा गावी साताऱ्याला परत जायचं, असं हेडक्लार्कने सांगून ठेवलं होतं.

मीही त्याच क्लासला जायचे. एका संध्याकाळी मास्तरांनी दादाला इंग्रजी उतारा दिला. पहिल्या दोन ओळी रोजच्या सरावातल्या जुन्या उताऱ्याच्या, पुढचा मजकूर अगदी वेगळा. दादाची बोटं धावली. नजर मात्र छताकडे, पाठ केलेलं स्तोत्र म्हणणाऱ्या भटजींसारखी. मास्तरांनी कागद काढून दाखवला, तर त्यावर जुनाच उतारा होता, एकही चूक न करता टाइप केलेला.

"तू वाचतोयस कुठे?" मास्तर शांतपणे म्हणाले. "तुला टायपिंग येतं, पण याच उताऱ्याचं आणि याच यंत्रावर. शिवाय बिघडलं की कागद बदलतोस आणि वेगाचा सगळ्यात चांगला आकडा तेवढा सांगतोस."

दादा रागावून घरी आला आणि जेवलाच नाही. पण दुसऱ्या दिवशी गुपचूप क्लासला गेला. आता रोज नवा उतारा, वर्तमानपत्रातून ऐनवेळी काढलेला. रोज दुसरं यंत्र. चूक झाली तरी थांबायचं नाही, कागद एकच आणि पहिला आकडा तोच खरा. मास्तर मुद्दाम पाठीशी उभे राहून खोकायचे. दादाचा वेग इतका घसरला, की नवशिकी मुलं पुढे गेली. त्याचं तोंड बघून मला हसू यायचं, पण ते दाबून मी माझ्या यंत्रावर वाकायचे.

पुण्याला त्याला खिळखिळं यंत्र मिळालं. एक अक्षर दर वेळी अडकत होतं. ते बोटाने सोडवायचं आणि पुढे जायचं, एवढंच त्याने केलं.

निकाल आला तेव्हा तो जेमतेम पास होता. सराव परीक्षेत इतके कमी गुण त्याला कधीच पडले नव्हते. मी चिडवायला तोंड उघडलं, पण दादा कागद हातात धरून चुलीपाशी वहिनीच्या शेजारी बसला होता. "आता साताऱ्याला नाही जायचं," तो तिला म्हणाला, आणि वहिनी पदर तोंडाला लावून रडायला लागली.